सव्वापट भार

बँकेतल्या साहेबाने कागद माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने एक आकडा दाखवला.

"हे बघा ताई. आज भाडं अठरा हजार. दर वर्षी पाच टक्के वाढ धरा. पंधरा वर्षांत साडेसेहेचाळीस लाखांच्या वर जातात. हातात काय राहतं? काही नाही. सगळं पाण्यात."

मग त्याने दुसरा कागद पुढे केला. पन्नास लाख कर्ज, साडेआठ टक्के, पंधरा वर्षं. हप्ता एकोणपन्नास हजार दोनशे सदतीस. "आणि शेवटी घर तुमचं," तो असा म्हणाला, जणू किल्ली त्याच्या खिशातच होती.

मी भित्री आहे. हे लपवण्यात काही अर्थ नाही, माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे जाहीर आहे. पण भित्र्या माणसाचा एक गुण असतो, तो प्रश्न विचारतो. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरचा "मला नीट दिसतंय" म्हणाला तरी आम्ही दुसरं भिंग लावून बघतोच.

"पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज किती?" मी विचारलं.

साहेबाने मान खाली घालून बटणं दाबली. "पस्तीस हजार चारशे सतरा. सुरुवातीला असंच असतं ताई, पुढे कमी होत जातं."

"म्हणजे भाडं अठरा हजार पाण्यात आणि व्याज पस्तीस हजार कशात?"

माझ्या नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. तो लिफ्ट मेकॅनिक आहे. त्याच्या कंपनीत त्याला सगळे डबलचेक म्हणतात, कारण बंद केलेलं मेन स्विच तो दोनदा बघतो आणि मग हात लावूनही बघतो. एरवी असले प्रश्न तोच विचारतो. पण त्या घरावर त्याचा जीव जडला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला एक अरुंद गच्ची. आमची लेक चिमणी त्या गच्चीत पाय पसरून बसली होती आणि म्हणाली होती, "इथून आपल्याला कोणी जा म्हणणार नाही ना?" तिला तिसरी शाळा चालू होती. दोन घरमालकांनी आम्हाला उठवलं होतं, एकाने मुलाचं लग्न ठरलं म्हणून आणि एकाने काहीच कारण न देता. त्या प्रश्नानंतर नवऱ्याने एकही शंका काढली नाही.

घरी आल्यावर आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो. हप्ता एकटा येत नाही, हे आम्ही ओळीने मांडलं. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, विमा, आणि कधीतरी फुटणारे नळ मिळून महिन्याला सात हजार. म्हणजे छप्पन्न हजार. शिवाय सुरुवातीलाच आमचे पंधरा लाख आणि वर नोंदणीचा वगैरे खर्च पाच लाख. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर दिलेले आणि आमचे बारा वर्षांचे मिळून बरोबर तेवढेच होते. दुसऱ्या बाजूला भाडं. भाड्याने राहिलो तर ते वीस लाख बँकेतच राहणार, आणि दर महिन्याचा फरक, आज अडतीस हजार आणि पुढे कमी कमी होत जाणारा, तोही साठवता येणार. साडेसहा टक्के व्याज धरलं तर पंधरा वर्षांनी ते सगळं मिळून दीड कोटीच्या थोडं वर जात होतं. आणि पासष्ट लाखांचं घर दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढलं, तर तेही तिथेच येत होतं.

"बरोबरीत," नवरा म्हणाला.

"फरक खरंच साठवला तर."

"आणि घर खरंच वाढलं तर."

मग मला जे सुचायला नको होतं ते सुचलं. "आणि व्याज वाढलं तर?"

साहेबाला मी हे फोन करून विचारलं. व्याजदर बदलता होता. दर दोन टक्क्यांनी वाढला तर काय? तो अगदी आनंदाने म्हणाला, "हप्ता आहे तेवढाच ठेवता येईल ताई, फक्त मुदत वाढेल." किती? अगदी सुरुवातीलाच वाढला असं धरलं तर पंधराची एकवीस वर्षं. मी फोन ठेवला आणि बोटांवर वर्षं मोजली. एकवीस वर्षांनी नवरा पासष्टचा होणार. त्या वयात लिफ्टच्या शाफ्टमध्ये कोण उतरतं?

"मुदत नाही वाढवायची," मी म्हणाले. "वाढला दर तर हप्ता वाढवायचा. पंचावन्न हजार. वर सात. बासष्ट हजार झेपतात का ते सांग."

नवऱ्याने पेन उचललं. मग म्हणाला, "नवी लिफ्ट आम्ही माणसांना देतो का लगेच? आधी लोखंडी वजनं भरतो. जेवढी माणसं लिहिलीत त्याच्या सव्वापट. मग ब्रेक धरतो का बघतो. धरला तरच माणसं." त्याने साहेबाचा हप्ता आणि माझे बासष्ट हजार शेजारी लिहिले. "हे बघ, जवळपास सव्वापटच आहे. सहा महिने हा भार लावून बघू. अठरा भाडं द्यायचं, आणि चव्वेचाळीस हजार वेगळ्या खात्यात. हात लावायचा नाही. सहा महिने निघाले तर सही."

मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की मी हसले. भार माझ्या भीतीने ठरवला होता आणि चाचणी त्याच्या धंद्याने. याहून चांगली जोडी कुठे मिळणार, असं मला वाटलं.

आमच्या दोघांचा मिळून पगार त्र्याण्णव हजार. बासष्ट गेले की एकतीस उरतात. भाडं सोडून आमचं घर बेचाळिसात चालायचं. म्हणजे अकरा हजार कुठूनतरी उपटायला हवे होते. पहिल्या महिन्यात आम्ही हौसेने उपटले. बाहेरचं खाणं बंद, माझी रिक्षा बंद, चिमणीचा पोहण्याचा क्लास बंद. तरी महिन्याच्या शेवटी चार हजार कमी पडले. मी घाबरले. नवरा म्हणाला, "माझा जुना ओव्हरटाइम यायचाय," आणि ते चार हजार आले.

दुसऱ्या महिन्यात चिमणीची दाढ दुखली. ओव्हरटाइम पुन्हा आला. तिसऱ्या महिन्यात फ्रिज बंद पडला, आणि कुठलासा बोनसही आला. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायची भीती वाटत होती. खात्यातला आकडा वाढत होता, आणि रात्री डोळा लागण्याआधी मी त्या अरुंद गच्चीत कपडे वाळत घालत होते.

नवरा मात्र वाळत चालला होता. रविवारी सकाळी तो "जरा जाऊन येतो" म्हणून निघायचा आणि दुपारी यायचा. जेवताना घास हातात धरून बसायचा. एकदा तो गॅस चालू ठेवून गेला. डबलचेक! मी त्याला चिडवलंही, "अरे, कंपनीत सांगू का?" तो हसला नाही.

इथे दोन लाल वायरींबद्दल सांगायला हवं. आमच्या भाड्याच्या घरात खिळा मारायला मालकीणबाईंची बंदी आहे, करारात तसं कलमच आहे. फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी आधीच्या भाडेकरूने मारलेला एक खिळा होता. त्यावर नवऱ्याच्या दोन लाल वायरी लटकायच्या, दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या. लिफ्टचं दार उघडं असलं की सर्किट तुटतं आणि लिफ्ट हलत नाही. कधी कधी बिघाड शोधताना तेवढी जागा चुकवून वीज पुढे न्यावी लागते. तेव्हा ही वायर लावतात. मग लिफ्टला दार उघडं आहे हे कळतच नाही. काम झालं की वायर काढायची, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. "माझ्या दोनच आहेत," तो नव्या पोरांना सांगायचा. "दोन खिशात नाहीत तर एक लिफ्टमध्ये आहे."

पाचव्या महिन्यात घर विकणारा घाई करायला लागला, म्हणून आम्ही पन्नास हजार बयाणा दिला. आम्ही मागे फिरलो तर तो बुडणार होता. सहावा महिनाही निघाला. खात्यात दोन लाख चौसष्ट हजार. चव्वेचाळीस गुणिले सहा, एक पैसाही कमी नाही. चाचणी पास झाली होती. शनिवारी सकाळी अकराची वेळ साहेबाने दिली.

त्या सकाळीही नवरा पहाटेच कुठेतरी गेला होता. तो परस्पर बँकेत आला, केस ओले करून बसवलेले, कामाच्या पँटवर इस्त्रीचा शर्ट. मी त्याच्याकडे बघून डोळे मोठे केले, त्याने "असू दे" अशी मान हलवली. साहेबाने चहा मागवला. कागदांवर जिथे जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. मी सहकर्जदार म्हणून माझ्या जागी तीन सह्या केल्या. 

"तुमचं पेन चालेल, निळं असेल तर," साहेब नवऱ्याला म्हणाला.

नवऱ्याने पँटच्या खिशात हात घातला आणि जे होतं ते टेबलावर ठेवलं. किल्ल्या. टेस्टर. एक लाल वायर.

त्याने दुसऱ्या खिशात हात घातला. मग शर्टाच्या. मग पुन्हा पहिल्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. सकाळी दूध तापवताना मी तो खिळा पाहिला होता. रिकामा होता.

"कुठे?" मी विचारलं.

"पलीकडच्या चौकातली जुनी इमारत. जाळीच्या दारांची." त्याने खुर्ची मागे सारली. "दाराच्या सर्किटवर."

"फोन कर."

त्याने फोन लावला. वॉचमनने उचलला नाही. पुन्हा लावला. "दुसरा नंबर नाही माझ्याकडे. काम कंपनीचं नव्हतं गं. मी एकटाच गेलो होतो."

साहेब "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत उभा राहिला तेव्हा आम्ही दाराबाहेर होतो.

रस्त्यात मी काय काय पाहिलं ते विचारू नका. सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा मी ड्रायव्हरवर ओरडले, त्या बिचाऱ्याचा काय दोष! माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. उघड्या जाळीतून आत टाकलेला एक पाय, आणि चौथ्या मजल्यावर बटण दाबणारं एक बोट, ज्याला काहीच माहीत नाही. नवरा सारखा फोन लावत होता. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, मी कान दिला तर तो म्हणत होता, "दोन खिशात नाहीत तर एक. दोन खिशात नाहीत तर एक."

टॅक्सी थांबायच्या आत तो उतरला. "मी वर मोटारीच्या खोलीत जातो, मेन पाडतो. तू खाली दाराशी थांब. कोणालाही आत जाऊ देऊ नकोस!" तो जिन्याकडे धावला, तीन-तीन पायऱ्या एकदम.

मी आत वळले. तळमजल्यावर लिफ्ट उभी होती, जाळीची दोन्ही दारं उघडी. एक आजी दोन चाकांची बाजाराची पिशवी मागे ओढत आत शिरत होत्या. त्यांचा एक पाय आत होता.

"आजी, थांबा!"

त्यांनी वळून बघितलं आणि लिफ्टची जमीन हलली. वर जायला लागली. दारं सताड उघडी. मी त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि मागे पडले. आम्ही दोघी फरशीवर आपटलो. पिशवी अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली होती. लिफ्टने ती उचलली, वर नेली, आणि दाराच्या वरच्या कडेशी दाबली. लोखंडी दांडा वाकताना जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. बटाटे फरशीवर गडगडले. दुधाची पिशवी फुटून भिंतीवरून दूध खाली आलं.

मग वर कुठेतरी खट्‌ झालं आणि सगळं थांबलं.

आजी आधी माझ्यावर चिडल्या. "अगं ढकलतेस काय? डोकं फिरलंय का तुझं?" मग त्यांनी वर बघितलं. पिशवीची हात-दीड हात उंची होती, ती चार बोटांची झाली होती. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

नवरा खाली आला. त्याच्या मुठीत लाल वायर होती. तो पळून जाऊ शकला असता, लिफ्ट बिघडली असं म्हणू शकला असता. तो आजींच्या समोर फरशीवर, दुधातच, गुडघ्यांवर बसला.

"ही वायर मी विसरलो," तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं."

आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. "लक्ष कुठे होतं तुझं?"

"घर घ्यायचं होतं," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

आजींना वरच्या मजल्यावर जिन्याने पोचवलं. लिफ्टवर त्याने पाटी लावली, मेनला कुलूप घातलं, आणि स्वतःच्या कंपनीत फोन करून सगळं सांगितलं, मी शेजारी उभी असताना. नोकरी जाईल का राहील हे तेव्हा माहीत नव्हतं. मग आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दुसऱ्याच महिन्यापासून. रविवारी, कधी पहाटे. महिन्याला अकरा हजार काढायचो. नियमाने दोन माणसं लागतात, मी एकटा जायचो म्हणजे पैसे वाटावे लागत नाहीत." तो हातातल्या वायरीकडे बघत होता. "ब्रेक धरत नव्हता गं. पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला. पण चिमणी त्या गच्चीत बसली होती ना."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला पण माझाच. बासष्टचा आकडा मीच धरून बसले होते, आणि ओव्हरटाइम कुठून येतो हे विचारायला मीच घाबरले होते. मी मनात हिशेब केला, कारण भीती वाटली की मला हिशेबच सुचतो. चव्वेचाळिसातून अकरा गेले, तेहतीस. भाड्याचे अठरा. एक्कावन्न हजार. एवढंच आमचं खरं वजन. माझा सव्वापट आकडा सोडाच, साधे छप्पन्नही त्यात बसत नव्हते. दर वाढायची वाट बघायची गरजच नव्हती.

"लोखंडाची वजनं ठेवायला हवी होती," नवरा म्हणाला. "मी माणूस ठेवला."

फोन वाजला. बँकेतला साहेब होता. "ताई, सगळं ठीक ना? तुमच्या सह्या झाल्यात, तुमच्या मिस्टरांच्या तेवढ्या राहिल्यात. एकपर्यंत आहे मी."

"त्या फाडून टाका," मी म्हणाले.

"अहो, बयाणा बुडेल तुमचा!"

"बुडू दे."

"आणि भाडं पंधरा वर्षं..."

"भाडं आम्हाला झेपतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मला रडू आलं, कारण मला ती गच्ची हवी होती. अजून हवी आहे.

घरी चिमणीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग आता आपल्याला जा कधी म्हणतील?" दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंकडे गेले आणि पाच वर्षांचा करार मागितला. त्या तीन वर्षांवर आल्या, वाढ पाच टक्के, खिळ्याचं कलम तसंच. तीन वर्षं तर तीन वर्षं. तेहतीस हजार दर महिन्याला खात्यात जातात. पंधरा वर्षांनी त्याचं घर होईल का, मला माहीत नाही. साठवायचं थांबवलं तर नक्की होणार नाही, ही भीती वेगळीच.

कंपनीने त्याला काढलं नाही. तीन महिने शाफ्टमध्ये उतरायला बंदी केली आणि नव्या पोरांना शिकवायला बसवलं. आजींना आम्ही नवी पिशवी नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, पण लिफ्टने जात नाहीत. जिना चढतात, मजल्यामजल्यावर थांबून.

आणि मी रोज संध्याकाळी, तो घरी आला की, ताटं घेण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी जाते. त्या एकाच खिळ्यावर हात फिरवते. एक. दोन. मगच वाढायला घेते.